चार्टातली भाकरी आणि आमच्या परातीतली भाकरी

9 जानेवारीला लॅबचा कागद हातात आला. उपाशीपोटी साखर 138, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी 7.2. म्हणजे मधुमेह. वय 47. शाळेत पाचवीच्या वर्गाला संतुलित आहार शिकवून आदल्याच आठवड्यात मोकळी झाले होते, त्यामुळे स्वतःचंच हसू आलं आणि लगेच रडूही आलं. लॅबला सगळे मिळून 570 रुपये, अमळनेरमधल्याच डॉक्टरांची फी 400. त्यांनी मेटफॉर्मिनची गोळी सुरू केली, ग्लुकोमीटर घ्यायला सांगितलं आणि आहाराचं नीट समजून घ्या म्हणून जळगावच्या एका आहारतज्ज्ञ बाईंची चिठ्ठी दिली. तिथली वेळ मिळाली 20 जानेवारीची.

हे अकरा दिवस माझे फार वाईट गेले, कारण काय खायचं ते कळेना आणि दिवस नेमके भरिताचे. शेतात पऱ्हाट्यांवर हिरवी वांगी भाजायची, बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर तेलाची सढळ फोडणी, सोबत कळण्याची भाकरी. नणंदेकडच्या भरीत पार्टीत मी कोपऱ्यात काकडी खात बसले होते. पुढे कळलं की तेवढ्या वांग्याला काहीच हरकत नव्हती. भानगड होती ती भाकरीची आणि तेलाची.

20 तारखेला शाळेतून अर्धी रजा टाकून गाडीनं जळगावला गेले. फी 600 रुपये, बसून राहणं पावणेदोन तास, आत वीस मिनिटं. बाई शांत बोलत होत्या. मी सांगितलं की आम्ही पाच माणसं एका पातेल्यातलं जेवतो, स्वयंपाक निम्मा सासूबाईंच्या हातचा असतो, वजनकाटा घेतला तरी भाकरी थापताना तो कुठं मधे आणणार? बाईंनी कागदावर माझाच हात ठेवून पेनानं आकृती काढली. शिजलेला भात एका वेळी एका मुठीएवढा. पनीर किंवा चिकन तळव्याएवढं, बोटं सोडून. भाजी ओंजळभर. तूप-तेल अंगठ्याच्या वरच्या पेराएवढं, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. या पद्धतीला ‘झिंबाब्वे हँड जाइव्ह’ म्हणतात असंही त्यांनी सांगितलं. नाव ऐकून ह्यांनी आठवडाभर माझी थट्टा केली.

सोबत छापील चार्ट मिळाला. दुपारी ‘ज्वारीची भाकरी 2, वरण 1 वाटी, भाजी 1 वाटी’. दिवसाचं तेल ‘3 छोटे चमचे’. मी तो फ्रिजवर लावला आणि इमानदारीनं पाळायला लागले. भात जवळपास सोडला, गोड बंद केलं. आणि तरीही जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचलं की आकडा 200 च्या आसपासच. 212, 198, 205. पन्नास पट्ट्यांची डबी साडेनऊशेला. प्रत्येक टोचणीला वीस रुपये जातात म्हणून मी टोचणंच कमी केलं. हे करू नका. सगळ्यात जास्त तेव्हाच कळायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी बाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा उलटा फोन आला. मी सांगितलं, चार्टाप्रमाणे दोनच भाकरी खाते. त्यांनी विचारलं, “भाकरी केवढी असते तुमच्याकडे?” मी म्हटलं, “भाकरीएवढी.” तेव्हा त्यांनी सांगितलं की चार्टात एक भाकरी म्हणजे 30 ग्रॅम पीठ धरलेलं आहे. कागदावर हे कुठंच छापलेलं नव्हतं. मला राग आला, पण फोनवर काढला नाही.

मग प्रश्न हा की आमची भाकरी किती ग्रॅमची? आमच्याकडे पीठ मोजून घेत नाहीत. सासूबाई डब्यात हात घालतात, पसाभर पीठ परातीत टाकतात, पुन्हा एक पसा, पाणी, मळणं, थापणं. एका भाकरीला दोन पसे. गेली चाळीस वर्षं हेच माप आहे. म्हणजे मोजायचा होता तो पसा.

16 फेब्रुवारीला रविवार होता. गिरणीवाल्याकडून मोठ्या काट्यावर बरोबर एक किलो कळण्याचं पीठ वेगळ्या पिशवीत बांधून आणलं. आमच्या कळण्यात ज्वारीला साधारण चौथाई उडीद असतो. जमिनीवर धुतलेलं कापड अंथरलं, पीठ परातीत ओतलं आणि सासूबाईंना म्हटलं, आई, नेहमी घेता तसंच एकेक पसा काढून या पातेल्यात टाका, मी मोजते. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “भाकर मोजीसन खातस का कोनी?” म्हणाल्या, पण बसल्या.

पहिल्या खेपेला परात बावीस पशांत रिकामी झाली. पुन्हा ओतून मोजलं तर एकवीस. तिसऱ्यांदा तेवीस. सरासरी बावीस धरली तर एक पसा सुमारे 45 ग्रॅमचा. या रीतीत गंमत अशी की एकच पसा काट्यावर ठेवला असता तर तो 40 निघतो की 50, काही भरवसा नाही, कारण आपण बघतोय म्हटल्यावर हातही अवघडतो. बावीस वेळा घेतल्यावर जास्त-कमी आपोआप जिरून जातं. माझा हात लहान आहे. माझे सत्तावीस पसे झाले, म्हणजे 37 ग्रॅमचा एक. हाच हिशोब मी सासूबाईंच्या भाकरीला लावला असता तर पुन्हा चुकले असते. पीठ ज्याच्या हातून परातीत पडतं, त्याचाच हात मोजायचा.

खात्री म्हणून त्याच पिठाच्या भाकऱ्या केल्या. दोन पशांच्या हिशोबानं एका किलोत अकरा व्हायला हव्यात. दहा झाल्या आणि अकरावी निम्मीच झाली, कारण थापताना परातीवर पसरायला लागणारं पीठही त्याच किलोतून गेलं. म्हणजे आमची एक भाकरी 95 ग्रॅम पिठाची. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात पिष्टमय भाग 68 ग्रॅमच्या आसपास असतो. चार्टातल्या दोन भाकऱ्यांतून माझ्या पोटात 40 ग्रॅम जायला हवा होता. मी जवळपास 130 घेत होते. उडदामुळे तो आकडा थोडा खाली येतो, पण तिपटीच्या पुढे काय फरक पडणार?

उत्तर साधंच निघालं. आमच्या भाकरीचे तीन भाग करायचे आणि दोन खायचे. ते 63 ग्रॅम पीठ होतं, चार्टातल्या दोन भाकऱ्यांएवढं. उरलेला तुकडा मुलगा आनंदानं पळवतो. जिथं भाकरी दुसऱ्याच्या हातची असेल तिथं मी आता थापायच्या आधीचा गोळा बघते. 60 ग्रॅम पिठाचा मळलेला गोळा मोठ्या लिंबापेक्षा जरा मोठा, लहान पेरूसारखा दिसतो. ताटातल्या भाकरीवरून अंदाज बांधला की फसायला होतं, कारण पातळ थापलेली ताटभर दिसते आणि जाड थापलेली बशीएवढी, पीठ मात्र सारखंच असतं.

पहिल्या आठवड्यात भूक लागली. खोटं कशाला सांगू, दुपारी तीनला शाळेत पोटात अक्षरशः कावळे ओरडायचे. तेव्हा पातेल्यातल्या वरणाकडे लक्ष गेलं. तूरडाळीच्या अर्ध्या किलोच्या पुड्यावर हाच मोजणीचा प्रकार केला. डाळीला सासूबाई पसा घेत नाहीत, मूठ घेतात, आणि त्यांच्या साडेबारा मुठी झाल्या, म्हणजे 40 ग्रॅमची एक. पाच जणांच्या वरणाला त्या तीन मुठी घालतात. माझ्या वाटीत कच्ची डाळ आली 24 ग्रॅम, बाकी पाणी. पातळ वरणाची वाटी कितीही गच्च भरा, डाळ तेवढीच. म्हणून आता पाचव्या माणसासाठी चौथी मूठ पडते, वरण जरा घट्ट होतं आणि मी वाटीऐवजी दीड वाटी घेते. भूक आटोक्यात आली. ह्यांना घट्ट वरण आवडत नाही. ते वरून गरम पाणी घालून घेतात.

भातासाठी मूठ मोजायची होती. काठोकाठ भरलेलं पातेलं परातीत ठेवलं, बंद मूठ मनगटापर्यंत हळूच बुडवली आणि सांडलेलं पाणी दुधाच्या पावलिटरच्या मापात ओतलं. माप भरायला दोन बोटं कमी पडली. म्हणजे साधारण 200 मिली. तेवढा मोकळा शिजलेला भात 150 ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि त्यात 40 ग्रॅमच्या वर पिष्ट असतं, जवळपास माझ्या दुपारच्या भाकरीएवढंच. ह्यांची मूठ बुडवली तर माप भरून परत निम्मं भरलं. तेव्हापासून माझा भात ह्यांनी वाढायचा नाही, असा नियम झाला.

आता तेल. यातच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि याचंच मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं.

‘3 छोटे चमचे’ म्हणजे 5 मिलीचे तीन, एकूण 15 मिली. आमच्या घरात चमच्यांच्या तीन जाती आहेत. मेडिकलमधून बिनसुईची 10 मिलीची सिरिंज आणली, दहा रुपयांना. घरी मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं रेघा असलेलं झाकण असेल तर तेही चालतं. चमचा सपाट ओट्यावर टेकवून धरायचा, सिरिंजनं पाणी सोडत जायचं आणि कडेला पाणी फुगून दिसायला लागलं की थांबायचं. चहाचा चमचा निघाला 4 मिलीचा, जेवणाचा चमचा 9 चा. मी आजवर त्याला पाककृतीतला 15 मिलीचा मोठा चमचा समजत होते. आणि फोडणीची पळी 35 मिलीची. एक पळी म्हणजे चार्टातले सात चमचे.

मग मी वहीत रोजचं तेल लिहायला लागले. सकाळची भाजी एक पळी, पाचांत वाटली की 7 मिली. रात्रीची तेवढीच. माझ्या वाट्याला रोज 14. चार्टात अगदी चपखल! मी खूष.

नशिबानं त्याच दिवसांत मी आणखी एक गोष्ट केली होती. 3 फेब्रुवारीला पाच लिटरचा नवा डबा फोडला, तेव्हा त्यावर स्केच पेननं तारीख घातली होती. 2 मार्चला डबा उपडा केला तर टिपूस नाही. म्हणजे 27 दिवस पुरला. 5000 मिली, पाच माणसं, 27 दिवस: माणशी रोज 37 मिली. वहीत 14, डब्यातून 37. रोज माणशी 23 मिली जात कुठं होतं?

हा शोध घ्यायला चार-पाच दिवस मी फक्त ओट्याजवळ उभी राहून बघत होते. सासूबाई एक पळी टाकतात हे खरं, पण ती मोजायची पळी. कढई तापल्यावर ‘जरा कोरडं वाटतंय’ म्हणून अर्धी पळी आणखी पडते. शेवभाजीला तर सरळ तीन पळ्या, कारण तर्री आली नाही तर ती शेवभाजी कसली! ठेच्यावर कच्चं तेल. खिचडीवर लसणाची फोडणी वेगळी. कुणी आलं की पापड तळणं, आणि आमच्याकडे कुणीतरी येतंच. तळून उरलेलं तेल पुन्हा फोडणीत जातं, ते मी ‘जुनं तेल’ म्हणून लिहिलंच नव्हतं, जणू ते पोटात जात नाही. शिवाय मुलगा डब्यात तेलात परतलेली पोळी नेतो. सगळं जोडल्यावर 37 ला आश्चर्य वाटेना.

पोळी, भात, भाजी डोळ्यांना दिसते, म्हणून हाताच्या मापात बसते. तेल पातेल्यातच मुरलेलं असतं. ताटात आल्यावर अंगठ्याचं पेर कशाला लावणार? तुपाला ते बरोबर लागू पडतं, बट्टीवर किंवा गरम भातावर घालताना. सामाईक भाजीतल्या तेलाला मात्र डबा आणि तारीख हेच खरं माप. महिन्याचा हिशोब येतो, रोजचा येत नाही, हा त्याचा तोटा. आणि सगळे सारखं खातात असं त्यात धरलेलं असतं, तेही खरं नसतं.

सासूबाईंना हा हिशोब दाखवला तेव्हा त्या आधी दुखावल्या. स्वयंपाकाला कुणी नावं ठेवल्यासारखं त्यांना वाटलं, आणि माझीही सांगायची पद्धत शिक्षिकेचीच होती, वही समोर धरून. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी मी भांड्यांच्या दुकानातून 15 मिलीची छोटी पळी आणली, दुकानातच सिरिंजनं मोजून. दुकानदार बघतच राहिला. साठ रुपये. सासूबाईंना एवढंच म्हटलं की पळ्या हव्या तितक्या घाला, फक्त या पळीनं घाला. त्यांच्या हाताला ‘एक पळी आणि वर अर्धी’ ही लय आहे, ती तशीच राहिली. फक्त आता ती साडेबावीस मिली होते, आधी बावन्न व्हायची. शेवभाजीत तिन्ही पळ्या छोट्याच, वर अर्धी नाही. तर्री कमी आली, रंगासाठी काश्मिरी मिरची वाढवली. मुलगी म्हणाली चव तीच आहे. ह्यांना फरक कळला, पण ते गप्प बसले. मी अजूनही शेवभाजी वाढण्याआधी पाच मिनिटं हलवत नाही. तेल वर येतं, मग पळी बाजूनं खाली घालून खालचा रस्सा घेते.

2 मार्चलाच फोडलेला पुढचा डबा 12 एप्रिलपर्यंत चालला, 41 दिवस. माणशी 24 मिली. 15 झालं नाही, आणि मधे होळीही येऊन गेली. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, इथंपर्यंत आलात तर आता तळणाकडे बघा.

15 एप्रिलला पुन्हा रक्त दिलं. एचबीएवनसी 6.6, जेवणानंतरचे आकडे मार्चपासून 150 ते 165 च्या मधे. वजन 71 वरून साडेअडुसष्ट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यात गोळीचाही वाटा आहे, कुणाचा किती ते वेगळं काढता येणार नाही, आणि गोळी चालूच ठेवायची. ओळखीच्या एक काकू जेवणाआधी इन्सुलिन घेतात. त्यांना मी ही मूठ-पशाची रीत सांगायला गेले, तर डॉक्टरांनी मलाच थांबवलं. जेवणातल्या पिष्टावरून इन्सुलिनचा डोस ठरत असेल तर पाच-दहा ग्रॅमचा फरकही महागात पडतो, तिथं काटाच हवा आणि डॉक्टरांना विचारूनच. माझ्यासारख्या गोळीवाल्याला अंदाज दहा टक्क्यांनी हुकला तरी चालतं. दुपटी-तिपटीनं हुकायला नको, एवढंच.

शेंगदाण्यांचं राहिलं. कूट आणि मूठभर दाणे हे आमच्या घरात खाणं समजलंच जात नाही. पाव किलोच्या पुड्यातून माझ्या बंद मुठी आठ निघाल्या, म्हणजे 30 ग्रॅमच्या वर. एका मुठीत पावणेदोनशे कॅलरी. येता-जाता दोन मुठी व्हायच्या. आता एकच, आणि तीही बसून.

30 एप्रिलला आखाजी. चोपड्याला माहेरी गेले. खापरावरचे मांडे, आमरस, झोके, सगळं आलं. मांड्याला कसलंच माप लागेना. पीठ सैल, हातावरच फिरवून ताटापेक्षा मोठा केलेला, आत पुरण किती ते आईलाही सांगता येईना. मी आईला पुरणाचा एक गोळा भरण्याआधी दाखवायला सांगितलं. चांगला पेरूएवढा होता. पाव मांडा घेतला, आमरसाची अर्धी वाटी, भात नाही. दोन तासांनी 181. सणाला ठीक आहे म्हटलं आणि पुन्हा टोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीची भाकरी करायला बसली तेव्हा मी म्हटलं, थांब. अर्ध्या किलोचा पुडा आणला, कापड अंथरलं. आईनं काही विचारलं नाही, सासूबाईंनी फोनवर आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. तिचे अकरा पसे झाले, सासूबाईंइतकेच. पण भाकरीला ती तीन घेते.